गोळीतले सोडियम नेमके काय करते?

कंबर धरली किंवा पाय मुरगळला की घरात ज्या ट्यूबची शोधाशोध होते, तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक अडनिडा आकडा छापलेला असतो: १.१६ टक्के. डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के, आणि हे प्रमाण डायक्लोफेनॅक सोडियमच्या १ टक्क्याइतके आहे, असा तिथल्या मजकुराचा अर्थ. त्याच औषधाची गोळी घेतली तर पाकिटावर डायक्लोफेनॅक सोडियम ५० मिलिग्रॅम असे दिसते. दुसऱ्या एखाद्या गोळीवर डायक्लोफेनॅक पोटॅशियम लिहिलेले असते. दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या अँप्युलवर पुन्हा सोडियम. दुखणे थांबवणारा रेणू सगळीकडे तोच आहे. बदलतो तो त्याला जोडलेला दुसरा भाग, आणि औषध पाण्यात किती व किती झपाट्याने विरघळेल यात त्या भागाचा मोठा वाटा असतो.

बी. फार्म.च्या चौथ्या सत्रात मेडिसिनल केमिस्ट्री हा विषय येतो. विद्राव्यता आणि आयनीभवन हे गुणधर्म त्याच्या सुरुवातीलाच असतात आणि डायक्लोफेनॅक वेदनाशामकांच्या प्रकरणात भेटते. ‘क्षार बनवल्याने औषधाची विद्राव्यता कशी बदलते, हे फॉर्म्युलेशनच्या अंगाने उदाहरणासह स्पष्ट करा’ अशी असाइनमेंट मिळाली की बहुतेक वह्यांत एकच उत्तर उतरते: क्षार आयनांचा बनलेला असतो, पाणी ध्रुवीय असते, म्हणून क्षार पाण्यात जास्त विरघळतो. यात चुकीचे काही नाही. पण एवढ्याने भागत नाही. क्षार जर पाण्यात सहज विरघळतो, तर डायक्लोफेनॅक सोडियमची गोळी पोटात विरघळून का चालत नाही? इंजेक्शन सलाइनच्या बाटलीत मिसळण्याआधी त्या बाटलीत बायकार्बोनेट का घालायचे? ट्यूबवर १.१६ हाच आकडा का? त्या एका ओळीच्या उत्तरातून यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. तो होण्यासाठी हा एकच रेणू हाताशी धरून शेवटपर्यंत जावे लागते.

आम्लाचा हट्ट

डायक्लोफेनॅक स्वित्झर्लंडमधल्या सिबा-गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९७४ साली सर्वप्रथम जपानच्या बाजारात आले. रेणूची रचना पाहिली तर क्लोरिनचे दोन अणू असलेले एक कडे, त्याला नायट्रोजनने जोडलेले दुसरे कडे आणि त्या दुसऱ्या कड्याला लागलेला कार्बोक्झिलिक आम्लाचा गट. दोन्ही कडी तेलाकडे झुकणारी, पाण्याशी फटकून वागणारी. पाण्याशी जमवून घेण्याची शक्यता फक्त त्या आम्लगटात आहे, आणि तीही त्याने आपला हायड्रोजन सोडून ऋणभार घेतला तरच.

हायड्रोजन सोडायचा की धरून ठेवायचा, हे ठरते भोवतालच्या पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर. प्रत्येक आम्लाचा एक ठरलेला आकडा असतो, त्याला पीकेए म्हणतात. सामू बरोबर तेवढा असेल तेव्हा निम्मे रेणू हायड्रोजन धरून असतात आणि निम्म्यांनी तो सोडलेला असतो. डायक्लोफेनॅकचा पीकेए ४ च्या आसपास आहे. सामू त्याहून बराच खाली असेल तर जवळजवळ सगळे रेणू भाररहित राहतात, आणि भाररहित डायक्लोफेनॅक पाण्यात विरघळते ते नावापुरतेच. मोजमापाच्या पद्धतीप्रमाणे हा आकडा थोडा कमीजास्त येतो. असाइनमेंटच्या गणितासाठी तो एका मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम धरणे सोयीचे आहे.

दोन मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे गोळीच्या हिशोबात पाहावे. ५० मिलिग्रॅम म्हणजे ५०,००० मायक्रोग्रॅम. ते दर मिलिलिटरला २ या दराने विरघळवायचे तर २५ लिटर पाणी लागेल. गोळी घेताना माणूस पितो एक पेलाभर, औषधशास्त्रात त्यासाठी २५० मिलिलिटर हा आकडा धरतात. पाणी शंभर पटींनी कमी पडते, आणि हीच या औषधाची मूळ अडचण आहे.

आता क्षार. डायक्लोफेनॅक आम्लाला सोडियम हायड्रॉक्साइडसारखा जोरकस अल्क मिळाला की आम्लगटातला हायड्रोजन निघून पाणी बनते आणि मागे ऋणभारित डायक्लोफेनॅक व धनभारित सोडियम उरतात. हे दोघे मिळून नवा स्फटिक रचतात. हा स्फटिक आम्लाच्या स्फटिकापेक्षा कितीतरी घट्ट असतो. आम्ल १५६ ते १५८ अंश सेल्सियसला वितळते, तर सोडियम क्षाराला २८३ अंशांच्या पुढे जावे लागते. एरवी विद्यार्थी असे शिकलेले असतात की वितळणबिंदू जितका जास्त तितकी विद्राव्यता कमी. इथे तो नियम उलटलेला दिसतो, कारण पाण्याचे रेणू सोडियमला आणि ऋणभारित गटाला वेढून जी ऊर्जा देतात, ती घट्ट स्फटिक मोडायच्या खर्चापेक्षा जास्त भरते. साध्या पाण्यात सोडियम क्षार एका मिलिलिटरला ९ मिलिग्रॅमहून अधिक विरघळतो. भाररहित आम्लाशी तुलना केली तर हा फरक हजारोंच्या पटीत जातो.

वहीतले उत्तर बहुधा इथेच संपते. खरी गंमत इथून सुरू होते.

सामूची शिडी

आम्लधर्मी औषधाची एकूण विद्राव्यता सामूप्रमाणे कशी बदलते, हे सांगणारे एक छोटे सूत्र आहे:

S = S₀ (1 + 10^(pH − pKa))

यात S₀ म्हणजे भाररहित आम्लाची विद्राव्यता, आपल्या उदाहरणात २ मायक्रोग्रॅम. कंसातला १ भाररहित रेणूंचा आणि दुसरे पद भारित रेणूंचे. सूत्रात आकडे घालत एकेक पायरी वर जावे.

जठरातला सामू उपाशीपोटी १ ते २ च्या दरम्यान असतो. तिथे दुसरे पद नगण्य, म्हणून उत्तर येते २ मायक्रोग्रॅम. सामू ४ ला दोन्ही पदे सारखी होतात आणि विद्राव्यता दुप्पट, म्हणजे ४ होते. ५ ला ती २२ होते. ६ ला २०२. त्यापुढे सामू एकाने वाढला की विद्राव्यता जवळपास दहापट होत जाते: आतड्यासाठी प्रयोगशाळेत वापरतात त्या ६.८ सामूला साधारण १,२६० मायक्रोग्रॅम, आणि ७ ला २,००० म्हणजे २ मिलिग्रॅम.

यातली ६ ची पायरी नीट पाहण्यासारखी आहे. दर मिलिलिटरला २०२ मायक्रोग्रॅम म्हणजे २५० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. एका पेल्यात एक गोळी बसवायला सामू ६ पर्यंत यावा लागतो. जठरात तो नसतो, लहान आतड्यात असतो. औषध कुठे विरघळणार, हे या एका आकड्याने ठरते.

शिडीला वरचे टोकही आहे. सूत्र तसेच पुढे चालवले तर सामू ९ ला २०० मिलिग्रॅम उत्तर येईल, पण प्रत्यक्षात तसे होत नाही. एका मर्यादेनंतर द्रावणात भारित डायक्लोफेनॅक आणि सोडियम यांची इतकी दाटी होते की क्षाराचेच स्फटिक खाली बसू लागतात. क्षाराची कमाल विद्राव्यता मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या घरात धरली, तर ही वेळ सामू ८ च्या आसपास येते. या सामूला ‘पीएच मॅक्स’ म्हणतात. त्याच्या खाली तळाशी बसलेला घनपदार्थ आम्ल असतो, वर तो क्षार असतो. तळाशी बसलेली भुकटी कोणती, हे न पाहता कागदावर नुसता विद्राव्यतेचा आकडा लिहिणे हा या विषयातला नेहमीचा घोटाळा आहे. भुकटी गाळून, वाळवून तिचा वितळणबिंदू पाहिला की उत्तर मिळते: १५७ च्या आसपास वितळली तर आम्ल, त्या तापमानाला ढिम्म राहिली तर क्षार.

मग क्षाराने केले काय?

आता एक अवघड प्रश्न उभा राहतो. सूत्रात सामू आहे, पीकेए आहे, S₀ आहे. पण सोडियम कुठेच नाही. पीएच मॅक्सच्या खाली, सामू पक्का धरून ठेवलेल्या द्रावणात आम्ल टाकले काय किंवा क्षार टाकला काय, पुरेसा वेळ दिल्यावर विरघळलेल्या औषधाचे प्रमाण एकच येते. सामू ६.८ ला दोघांचीही मर्यादा तीच, १,२६० मायक्रोग्रॅमच्या जवळची. मग कारखान्यात क्षार बनवण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर वेगात आहे. १८९७ साली अमेरिकेत आर्थर नॉइस आणि विलिस व्हिटनी या दोघांनी बेंझोइक आम्ल आणि लेड क्लोराइड यांच्या कांड्या पाण्यात फिरवून ते किती वेगाने विरघळतात हे मोजले. त्यातून निघालेला नियम असा: घनाच्या अगदी लगत पाण्याचा एक पातळ थर असतो आणि तो थर जवळजवळ संपृक्त असतो. त्या थरातली संहती आणि बाहेरच्या पाण्यातली संहती यांच्यात जितका फरक, तितका विरघळण्याचा वेग जास्त. न ढवळलेल्या पेल्यात खडीसाखरेच्या खड्याभोवती जो दाट पाक डोळ्यांना दिसतो, तोच हा थर.

औषधाच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट ही की त्या थराचा सामू बाहेरच्या पाण्यासारखाच असतो असे नाही. कण ज्या पदार्थाचा, तो पदार्थ आपल्याभोवतीचा सामू स्वतः बदलतो. आम्लाचा कण साध्या पाण्यात पडला की थोडे आम्ल विरघळून त्या थराचा सामू साडेचारच्या आसपास खाली आणते. तेवढ्या सामूला मिलिलिटरमध्ये मावतात जेमतेम १० मायक्रोग्रॅम. म्हणजे आम्ल स्वतःच स्वतःची वाट अडवते. सोडियम क्षाराचा कण पडला तर उलटे होते. ऋणभारित डायक्लोफेनॅक पाण्यातला हायड्रोजन थोडासा ओढून घेतो आणि थराचा सामू ८ च्या वर चढतो. तिथे मावतात २० मिलिग्रॅम. दोन थरांतला फरक दोन हजार पटींचा, आणि विरघळण्याच्या वेगातला फरक त्याच मापाचा.

हे फक्त बीकरपुरते नाही, रक्तातही दिसते, हे पहिल्यांदा ठळकपणे मांडले ते अमेरिकी संशोधक इनो नेल्सन यांनी १९५७ साली. दम्यावरच्या थिओफायलिनचे वेगवेगळे क्षार घेऊन त्यांनी विरघळण्याचा वेग मोजला आणि तोंडाने औषध दिल्यावर रक्तात मिळणाऱ्या पातळीशी त्याची सांगड घातली. वेग वाढला की रक्तातली पातळीही लवकर चढते, हे त्यातून पुढे आले.

तेव्हा असाइनमेंटच्या उत्तराचा कणा असा हवा: क्षार औषधाच्या रेणूचा पीकेए बदलत नाही, भाररहित आम्लाची विद्राव्यताही बदलत नाही. तो कणाच्या पृष्ठभागालगतचा सामू बदलतो, आणि त्या जोरावर औषध झटपट द्रावणात ढकलतो. हा जोर बाहेरच्या पाण्याने आपला सामू त्याच्यावर लादेपर्यंतच टिकतो.

जठराची परीक्षा

सामू लादण्यात जठराचा हात कोणी धरू शकत नाही. फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे दहा मिनिटांत दाखवता येते. १०० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक सोडियम ५० मिलिलिटर शुद्ध पाण्यात घालून ढवळले की द्रावण नितळ होते, बीकरमागची वही वाचता येते. त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायला लागावे. सुरुवातीचे थेंब पडतात तिथे पांढरा धूर उठल्यासारखा दिसतो आणि ढवळल्यावर विरतो. आणखी काही थेंबांनंतर तो विरायचा थांबतो, सगळे द्रावण दुधासारखे होते आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरा साका बसतो. हा साका क्षाराचा नाही, तो आम्ल आहे; सोडियम क्लोराइडसोबत वर पाण्यातच राहिले. आता सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घातले की पाणी पुन्हा नितळ होत जाते.

उघडी गोळी जठरात गेली तर हेच घडते. क्षार विरघळू पाहतो, आम्ल त्याला गाठते आणि साका पडतो. साका बारीक कणांचा असेल तर फार बिघडत नाही, कारण बारीक कणांचा पृष्ठभाग मोठा असतो आणि आतड्यात सामू वाढताच ते पटकन विरघळतात. पण तो साका गोळीच्याच अंगावर थर धरून बसला, तर आतला क्षार कोंडला जातो. शिवाय जठराच्या अस्तराला हे औषध झोंबते, ती वेगळी काळजी.

म्हणून डायक्लोफेनॅक सोडियमच्या नेहमीच्या गोळीवर एन्टेरिक कोटिंग असते. या आवरणातल्या पॉलिमरच्या साखळीवरही कार्बोक्झिलिक आम्लाचे गट असतात. जठराच्या सामूला ते भाररहित राहतात आणि आवरण टिकते. आतड्यात सामू साडेपाच-सहाच्या पुढे गेला की ते भारित होतात आणि आवरण विरघळते. औषधाला लागू पडणारा नियम आवरणालाही तसाच लागू पडतो, आणि दोघांचे कुलूप साधारण एकाच ठिकाणी उघडते. अशी गोळी चावून किंवा कुटून घेतली तर ही सगळी योजना फुकट जाते. अर्थात आवरणाने अल्सरचा धोका संपत नाही, कारण हे औषध रक्तात गेल्यावर जठराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्सही कमी करते.

या गोळीची चाचणी घेताना एक फसगत होऊ शकते. गोळी दोन तास जठरासारख्या आम्लात फिरवतात आणि मग ६.८ सामूच्या द्रावणात. पहिल्या दोन तासांत औषध बाहेर आले नाही, तर आवरण शाबूत आहे असे समजायचे. पण आवरण फुटले असले तरी आम्लात डायक्लोफेनॅक विरघळणारच नाही! वरचे पाणी तपासले तर ते जवळजवळ कोरे निघेल आणि सदोष गोळी पास होईल. म्हणून अमेरिकी औषधकोशातल्या पद्धतीत दोन तासांनी गोळी बाहेर काढून उरलेल्या आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड घालून ढवळतात. खाली साका पडला असेल तर तो विरघळतो आणि मोजमापात येतो. चाचणी लिहिणाऱ्यांनी पीकेए डोक्यात ठेवून लिहिलेली ही एक पायरी आहे.

पोटॅशियमची घाई

पोटॅशियम क्षाराची गोळी लवकर काम करते, असे डॉक्टर आणि केमिस्ट दोघेही सांगतात आणि ते खरे आहे. अमेरिकेतल्या माहितीपत्रकांप्रमाणे पोटॅशियमच्या गोळीने रक्तातली कमाल पातळी सुमारे एका तासात गाठली जाते, तर आवरण असलेल्या सोडियमच्या गोळीने दोन तासांहून थोड्या अधिक वेळात. यावरून विद्यार्थी लिहितात की पोटॅशियम क्षार जास्त विद्राव्य असतो म्हणून तो वेगवान. हा निष्कर्ष घाईचा आहे. दोन गोळ्यांतला मोठा फरक आवरणाचा आहे. पोटॅशियमची गोळी मुद्दामच एन्टेरिक आवरणाशिवाय बनवलेली असते, म्हणून तिला जठर सोडून आतड्यात पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही. जठराच्या आम्लात तिचाही साका होतो, कारण तिथे पोटॅशियम काय किंवा सोडियम काय, दोघांच्याही हाती उरते तेच आम्ल.

मायग्रेनच्या रुग्णाला एक तासही मोठा वाटतो. त्यासाठी २००९ मध्ये अमेरिकेत ५० मिलिग्रॅम पोटॅशियम क्षाराची पाण्यात विरघळवून प्यायची पूड मान्य झाली. तिच्यात पोटॅशियम बायकार्बोनेट घातलेले असते. ते जठरातले आम्ल काही काळ मारून ठेवते, म्हणजे द्रावणाभोवती सामू वर राहतो आणि साका पडायच्या आत बरेच औषध पुढे सरकते. रक्तातली कमाल पातळी साधारण पंधरा मिनिटांत येते. क्षार एकटा जे करू शकला नाही, ते त्याला सामू सांभाळणारा सोबती दिल्यावर जमले.

वजनाचा हिशोब

आता १.१६ टक्क्यांचा उलगडा. डायक्लोफेनॅक आम्लाचा रेणुभार २९६. सोडियम क्षाराचा ३१८, पोटॅशियम क्षाराचा ३३४ आणि डायइथिलअमाइन क्षाराचा ३६९. सोबतचा भाग जितका जड, तितके त्याच वजनात मूळ औषध कमी. १० मिलिग्रॅम सोडियम क्षारात जितके डायक्लोफेनॅक असते, तितकेच डायइथिलअमाइन क्षारातून द्यायचे, तर १० ला ३६९ ने गुणून ३१८ ने भागायचे. उत्तर ११.६. एका ग्रॅम जेलमध्ये ११.६ मिलिग्रॅम, म्हणजे १.१६ टक्के.

गोळीलाही हाच हिशोब लागतो. ५० मिलिग्रॅम सोडियम क्षारात मूळ औषध साडेसेहेचाळीस मिलिग्रॅम असते आणि ५० मिलिग्रॅम पोटॅशियम क्षारात सव्वाचव्वेचाळीसच्या आसपास. असाइनमेंटमध्ये दोन क्षारांची तुलना करताना मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावणे म्हणूनच चुकते. आधी दोघांनाही आम्लाच्या वजनात आणावे लागते.

जेलसाठी डायइथिलअमाइन घेण्याला तसेच कारण आहे. जेलला घट्टपणा देणारा कार्बोमर हा पदार्थ सोडियमसारखे क्षार जास्त झाले की पातळ पडतो, आणि त्याच्या आम्लगटांना उदासीन करायला अमाइन लागतेच. डायइथिलअमाइन दोन्ही कामे करते आणि जेलमधल्या अल्कोहोल व तेलकट भागाशीही त्याचे जुळते. हा एकमेव मार्ग मात्र नाही: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जेलमध्ये १ टक्का सोडियम क्षारच असतो आणि कार्बोमरसाठी अमोनिया वापरतात.

बाटलीतली गढूळता

क्षार सर्वांत कसोटीला लागतो तो इंजेक्शनमध्ये. अँप्युलमध्ये ३ मिलिलिटरला ७५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम सोडियम क्षार भरायचा असतो. नुसत्या पाण्यात तो तितका भरवशाने राहणार नाही, म्हणून प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि बेंझिल अल्कोहोल घालतात आणि सामू अल्कधर्मी बाजूला ठेवतात. क्षार बनवूनही सहद्रावकाची मदत घ्यावी लागते, याचे हे चांगले उदाहरण.

हेच इंजेक्शन शिरेतून द्यायचे असेल तर ते १०० ते ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. डेक्स्ट्रोजच्या बाटलीचा सामू आम्लधर्मी, बहुधा ४ ते ५ च्या दरम्यान असतो. ७५ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये म्हणजे मिलिलिटरला ७५० मायक्रोग्रॅम. शिडीवर पाहिले तर सामू ५ ला मावतात फक्त २२. तेवढ्यासाठी सामू ६.६ च्या वर हवा. ५०० मिलिलिटरमध्ये मिसळले तर दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅम होतात आणि ५.९ पुरतो. माहितीपत्रकात बाटलीत आधी थोडे सोडियम बायकार्बोनेटचे इंजेक्शन घालायला सांगितलेले असते ते यासाठीच. त्यातच पुढे सूचना असते की द्रावण नितळ असेल तरच वापरावे. स्फटिक किंवा साका दिसला तर ती बाटली रुग्णाला लावायची नाही. प्रयोगशाळेच्या बीकरमध्ये जो पांढरा धूर निरुपद्रवी असतो, तोच शिरेत गेला तर धोका ठरतो.

क्षाराची ही युक्ती कुठे लागू पडत नाही, तेही उत्तरात यायला हवे. त्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे. त्याच्यातही सोडता येण्याजोगा हायड्रोजन आहे, पण पीकेए साडेनऊच्या आसपास. आतड्याच्या ६.८ सामूला त्याचे हजारातले जेमतेम दोन रेणू भारित असतात. सोडियम क्षार बनवला तरी शरीरात पोहोचताच तो पुन्हा मूळ पॅरासिटामॉल होणार आणि विद्राव्यता होती तिथेच येणार. त्याला त्याची गरजही नाही: भाररहित असूनही ते मिलिलिटरला दहा मिलिग्रॅमहून जास्त विरघळते, आणि ५०० मिलिग्रॅमच्या गोळीला २५० मिलिलिटरमध्ये हवेत फक्त दोन. म्हणून पॅरासिटामॉलच्या साध्या गोळीच्या पाकिटावर त्याच्या नावापुढे सोडियम किंवा पोटॅशियम लिहिलेले दिसत नाही.